सिझेरियननंतरचे नियम: कुठून आले आणि का बदलले

सिझर झालेल्या बाईला चोवीस तास उशीशिवाय सपाट झोपवायचे, वारा सरल्याशिवाय पाण्याचा घोटही द्यायचा नाही, लघवीची नळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढायची, दुखलेच तर मागितल्यावर इंजेक्शन द्यायचे आणि अँटिबायोटिक पाच-सात दिवस चालू ठेवायचे. महाराष्ट्रातल्या कितीतरी वॉर्डांत ही शिस्त अजून पाळली जाते. यातला प्रत्येक नियम कधीतरी एका खऱ्या धोक्यावरचा उपाय होता. पुढे भूल बदलली, सुया बदलल्या, धोके कमी झाले, पण नियम तसेच राहिले. आज शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे करण्याच्या ज्या पद्धतीला ‘एन्हान्स्ड रिकव्हरी’ म्हणतात तिची सुरुवात, हे नियम एकेक करून तपासण्यातून झाली.

उपाशी ठेवण्याची गोष्ट न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातले डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या ६६ जणींच्या पोटातला ऐवज भुलीत असताना श्वासनलिकेत गेला होता आणि दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्नाने गुदमरून. त्या काळी बाळंतीण बाईला तोंडावर मास्क धरून ईथरसारख्या वायूची भूल देत. घशात नळी नसे. मेंडेल्सन यांनी दोन गोष्टी सुचवल्या: कळा चालू असताना खायला देऊ नका, आणि शक्य तिथे पूर्ण भूल टाळून जागेवरची भूल द्या. जगाने पहिली सूचना लगेच उचलली. दुसरी अंगवळणी पडायला अनेक दशके लागली. पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालची भूल रूढ झाली तेव्हा बाई जागी राहू लागली, तिचा खोकला आणि गिळणे शाबूत राहू लागले. तरी आदल्या रात्रीपासूनचा उपवास कायम राहिला. आता ठरलेल्या सिझरआधी हलके खाणे सहा तासांपर्यंत आणि पाणी, साखरपाणी किंवा दूध नसलेला चहा दोन तासांपर्यंत चालतो.

शस्त्रक्रियेनंतरचा उपवास मात्र वेगळ्या वाटेने आला. तो आतड्याच्या शस्त्रक्रियांमधून आणि ईथरनंतरच्या उलट्यांमधून उचललेला आहे. वारा सरण्याची वाट पाहण्यामागे समज अशी, की तोवर आतडी झोपलेली असतात. प्रत्यक्षात पोट उघडल्यावर आतड्याचे सगळे भाग एकाच वेळी जागे होत नाहीत. लहान आतडे काही तासांत हलू लागते, जठराला साधारण एक दिवस लागतो आणि मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस. वारा सरतो तो मोठ्या आतड्यातून. म्हणजे घोटभर पाणी झेपेल का, हे सगळ्यात शेवटी उठणाऱ्या भागाला विचारून आपण ठरवत होतो. शिवाय सिझरमध्ये आतड्याला कापाकापी नसते, फार तर ती जरा बाजूला सारलेली असतात, त्यामुळे ही मंदावलेली हालचाल मुळातच सौम्य असते. लवकर खायला दिलेल्या बायकांमध्ये उलट्या किंवा पोट फुगणे वाढत नाही, उलट आतडी लवकर चालू लागतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले. च्युइंगगम चघळल्यानेही वारा लवकर सरतो, कारण चघळताना मेंदूला जेवण आल्याचा निरोप जातो.

अंथरुणाचा नियम त्याहून जुना. १८९९ सालीच शिकागोच्या एमिल रीस यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना एक-दोन दिवसांत उठवायला हवे, असे लिहिले होते. कोणी फारसे मनावर घेतले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास खाटा आणि परिचारिका कमी पडू लागल्या, आणि डेट्रॉइटच्या डॅनियल लाइथॉउझर यांचा लवकर उठवण्याचा आग्रह तेव्हा कुठे लोकांना पटला. बाळंतिणीला याची गरज जास्त: गरोदरपणात रक्त गोठण्याकडे झुकलेले असते, आणि पडून राहिल्यास पोटरीतल्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो.

तरी सिझरच्या बाईला उठू न देण्याला आणखी एक कारण चिकटले होते, ते म्हणजे डोकेदुखी. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी पाठीतून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवरच करवून घेतला आणि नंतर कित्येक दिवस ते डोक्याच्या दुखण्याने बेजार झाले. मणक्याच्या आवरणाला पडलेल्या भोकातून पाणी झिरपत राहते, म्हणून डोके दुखते. मग सपाट झोपवले की भोक भरून येईल, असा तर्क झाला. तो चुकला. झोपून राहिल्याने दुखणे तेवढ्यापुरते दबते, टळत नाही. ते टळते सुईने: तिरक्या धारेच्या जाड सुईऐवजी पेन्सिलच्या टोकासारखी २५ ते २७ गेजची सुई वापरली की आवरणाचे तंतू कमी फाटतात आणि डोकेदुखीचे प्रमाण एखाद-दोन टक्क्यांवर येते. ही सुई महाग, म्हणून अनेक ठिकाणी जुनीच चालते; पण बाईला चोवीस तास झोपवल्याने तो फरक भरून निघत नाही.

हे सगळे सुटे धागे एकत्र गुंफले डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस इतके दिवस रुग्णालयात का राहतो, हा त्यांचा साधा प्रश्न होता. उत्तर त्यांनी १९९७ च्या लेखात मांडले: कापल्यापेक्षा वेदना, उपवास, पडून राहणे आणि शरीराने घेतलेला ताण यांनीच बरे होणे लांबते, आणि यातली एकेक गोष्ट सुटी सुधारून भागत नाही. २००१ पासून युरोपातल्या शल्यचिकित्सकांनी यावर एकत्र काम सुरू केले आणि २०१० मध्ये एन्हान्स्ड रिकव्हरीसाठीची ‘इरास सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. बाळंतपणाकडे ही पद्धत उशिरा आली. सिझरच्या बायका तरुण आणि बहुधा निरोगी, त्या लवकर बऱ्या होतातच, मग वेगळे काय करायचे, असे वाटत राहिले. सिझेरियनसाठीच्या सोसायटीच्या तीन भागांतल्या सूचना २०१८-१९ मध्ये आल्या. आपल्याकडे २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसाठी सात दिवसांचा मोफत आहार धरला आहे. सरकारी व्यवस्थेने किती दिवसांचा मुक्काम गृहीत धरला होता ते त्यावरून कळते.

चालायला लावायचे तर दुखणे आधी आटोक्यात हवे, आणि इथे आपली अडचण औषधाच्या पुरवठ्यापाशी आहे. १९७९ पासून पाठीच्या इंजेक्शनमध्येच थोडेसे मॉर्फिन मिसळण्याची पद्धत सुरू झाली. १०० ते १५० मायक्रोग्रॅम इतक्याने जवळजवळ दिवसभर आराम मिळतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन ठेवणे इतके किचकट झाले की लहान रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल केले, सवय मात्र बदललेली नाही. मिळाले तरी ते जपून वापरावे लागते. अँप्यूलमध्ये १० किंवा १५ मिलिग्रॅम असते, आणि आपल्याला हवा असतो त्यातला फक्त शंभरावा भाग. पातळ करताना दशांश चिन्ह चुकले तर श्वास मंदावतो, तोही काही तासांनी, बाई वॉर्डात गेल्यावर. शिवाय पाठीत द्यायचे तर संरक्षक द्रव्य नसलेलेच मॉर्फिन लागते. चेहऱ्यावर खाज सुटणे नेहमीचे आणि निरुपद्रवी, पण चोवीस तास श्वास मोजत राहावे लागते. जिथे हे जमत नाही तिथे पोटाच्या भिंतीच्या थरांत भुलीचे औषध सोडण्याचा ब्लॉक उपयोगी पडतो.

दोन्हीकडे खरा आधार गोळ्यांचा: पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी आणि डायक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, घड्याळ लावून, मागेपर्यंत न थांबता. बाईचे वजन ५० किलोच्या आत असेल तर पॅरासिटामॉल कमी करायचे. प्लेटलेट कमी असतील, रक्तस्राव चालू असेल किंवा रक्तदाबाने मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर डायक्लोफिनॅक नाही.

सकाळी नऊला ठरलेले, गुंतागुंत नसलेले सिझर झाले, तर दिवस साधारण असा जातो. खोलीत आल्यावर तास-दीड तासात पाणी. उलटी झाली नाही तर दुपारी पेज किंवा मऊ खिचडी, अर्ध्या वाटीपासून. चारच्या सुमारास बाईला दोन्ही पाय सरळ ठेवून उचलता आले आणि तळव्यांना स्पर्श कळला, की खाटेच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटे बसवायचे, रक्तदाब घ्यायचा आणि मग दोघींच्या आधाराने उभे करायचे. आईला, सासूबाईंना हे घाईचे वाटते, म्हणून आदल्या दिवशीच समजावलेले बरे. लघवीची नळी संध्याकाळपर्यंत काढायची आणि पुढच्या सहा तासांत लघवी झाली नाही तर मूत्राशय तपासायचे. उभे राहताना चक्कर येणे हे बहुधा भुलीमुळे असते. पण नाडी शंभराच्या वर जात असेल, बाई पांढरी पडली असेल किंवा पोट ताणलेले, दुखरे लागत असेल तर आत रक्तस्राव नाही ना हे आधी पाहायचे. अशा वेळी चालवणे धोक्याचे.

जखमेच्या संसर्गाबाबत सगळ्यात मोठा बदल झाला तो अँटिबायोटिकच्या वेळेत. १९६१ साली जॉन बर्क यांनी गिनिपिगवर दाखवले, की जंतू शिरण्याआधी औषध ऊतकांत पोहोचलेले असेल तरच ते पुरेसे काम करते. तीन तास उशिरा दिलेले औषध जवळजवळ न दिल्यासारखेच. तरी सिझरमध्ये औषध नाळेला चिमटा लागल्यावरच देत. बाळाच्या रक्तात औषध गेले तर त्याचा संसर्ग झाकला जाईल, ही भीती. तुलना करून पाहिल्यावर बाळांचे नुकसान दिसले नाही आणि आयांचे संसर्ग घटले. २०१० च्या सुमारास अमेरिका आणि ब्रिटनने सल्ला बदलला. आता सेफाझोलिन २ ग्रॅम चिरा देण्याआधीच्या तासाभरात, एकच मात्रा. शस्त्रक्रिया चार तासांवर गेली किंवा दीड लिटरहून अधिक रक्त गेले तरच पुन्हा. पाच दिवसांचा कोर्स निष्काळजी निर्जंतुकीकरणाची भरपाई करत नाही. त्याने जुलाब आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे वाढतात.

बाकीची कामे साधी, पण घाईत सुटणारी. वस्तऱ्याने केस काढल्यास त्वचेवर बारीक चिरा पडून जंतूंना जागा मिळते, म्हणून गरज असेल तरच क्लिपर. त्वचेवर क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल हे जंतुनाशक लावल्यावर तीन मिनिटे सुकू द्यायचे. ओले राहिले तर त्याचा पूर्ण उपयोग होत नाही आणि रक्त थांबवायला वापरायच्या विजेच्या कॉटरीच्या ठिणगीने पेट घेऊ शकते. वार हात घालून न ओढता नाळेला हलका ताण देऊन सुटू द्यायची. त्वचेखालची चरबी दोन सेंटिमीटरहून जाड असेल तर तो थर वेगळा शिवायचा, नाहीतर पोकळीत पाणी साचते आणि तिथेच जंतू वाढतात.

इतके केल्यावरही काही जखमा पिकतात, आणि बहुतेक वेळा घरी गेल्यावर, चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. टाक्यांभोवती पसरत जाणारी लाली, गरम घट्टपणा, कमी न होता वाढणारे दुखणे, पाणी किंवा पू, १०० च्या वरचा ताप. लवकर घरी पाठवायचे तर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी आशाताईची भेट किंवा फोन ठरलेला हवा. जखम चौथ्या दिवसानंतर पिकते याला अपवाद पहिल्या दोन दिवसांत आलेल्या तीव्र तापाचा, जखमेभोवतीची कातडी काळसर पडण्याचा आणि दिसण्यापेक्षा कितीतरी जास्त दुखण्याचा. तो मांसापर्यंत पोहोचलेला संसर्ग असू शकतो. तिथे गोळ्या बदलून वाट पाहायची नाही, बाईला त्याच रात्री शस्त्रक्रियागृहात न्यायचे.