घटसर्पाचे विष पेशीतील प्रथिननिर्मिती कशी थांबवते : एका शोधाची पार्श्वभूमी

घटसर्पाने दगावलेल्या मुलांच्या घशातील करड्या पापुद्र्यात एडविन क्लेब्स यांना १८८३ मध्ये एक विशिष्ट जिवाणू दिसला आणि पुढच्याच वर्षी फ्रीड्रिख लोफ्लर यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. लोफ्लर यांना मात्र एक विसंगती सतावत होती. गिनीपिगला हा जिवाणू टोचला, की प्राण्याच्या दूरच्या अवयवांवरही परिणाम होत असे, पण जिवाणू सापडत तो फक्त टोचल्याच्या जागी. यावरून जिवाणू काहीतरी विषारी द्रव्य तयार करत असावा आणि ते द्रव्य रक्तावाटे पसरत असावे, असा अंदाज त्यांनी मांडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्झांडर येरसँ यांनी १८८८ मध्ये जिवाणूंची वाढ झालेला द्रव बारीक गाळणीतून गाळला आणि एकही जिवाणू नसलेला तो गाळीव द्रव प्राण्यांना टोचला. प्राणी घटसर्पाचीच लक्षणे दाखवून मेले. १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी प्रतिविषाचा मार्ग दाखवला. १९२०च्या दशकात गास्ताँ रामाँ यांनी फॉर्मॅलिनने निष्प्रभ केलेले विष लस म्हणून वापरात आणले. म्हणजे विष सापडले, त्यावरचा उपाय सापडला, प्रतिबंधही साधला, पण ते विष पेशीत जाऊन नेमके काय करते, हे पुढची चाळीसेक वर्षे कोणालाही सांगता येत नव्हते.

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा केला तो अमेरिकेतील ॲल्विन पापेनहायमर यांनी. त्यांनी १९३०च्या दशकात विष शुद्ध प्रथिनाच्या रूपात वेगळे केले आणि जिवाणूंच्या खाद्यद्रवात लोह वाढले, की विषाची निर्मिती बंद पडते, हेही दाखवले. लोह कमी असताना विषाबरोबर पॉर्फिरिन हे रंगद्रव्यही द्रवात साठत असे. लोह आणि पॉर्फिरिन यांच्या संयोगातून हीम बनते आणि हीम हा श्वसनातील सायटोक्रोम प्रथिनांचा गाभा आहे. त्यामुळे हे विष म्हणजे जिवाणूच्या सायटोक्रोमचाच हीमवाचून राहिलेला प्रथिनभाग असावा आणि ते प्राण्याच्या पेशीत सायटोक्रोमची घडण बिघडवत असावे, असा तर्क पापेनहायमर यांनी केला. सेक्रोपिया या मोठ्या रेशीमपतंगाच्या प्रयोगांतून त्याला बळही मिळाले. सुप्तावस्थेतील कोश, ज्यात सायटोक्रोम नाममात्रच असते, विषाला दाद देत नव्हते, पण वाढ होत असलेला कीटक मरत होता.

हा तर्क चुकीचा ठरला, तरी तो उथळ नव्हता, हे नमूद केले पाहिजे. हाती असलेला प्रत्येक पुरावा त्याच दिशेने बोट दाखवत होता. सुप्तावस्थेतील कोशात प्रथिननिर्मितीही मंदावलेली असते आणि म्हणून त्याच निरीक्षणाचा अगदी वेगळा अर्थ लावता येतो, हे आज आपल्याला दिसते, कारण उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

दिशा बदलली ती १९५९ मध्ये. नॉर्मन स्ट्राउस आणि एडवर्ड हेंडी यांनी काचेच्या भांड्यात वाढवलेल्या हेला या मानवी कर्करोगपेशींना विष दिले आणि किरणोत्सारी गंधक असलेले मेथिओनाइन त्यांच्या प्रथिनांत किती शिरते, ते मोजले. विषाची मात्रा पुरेशी असेल तर दोनेक तासांत हे शिरणे जवळजवळ थांबत होते, आणि त्या वेळी पेशींचे श्वसन मात्र सुरळीत चालू होते. म्हणजे सायटोक्रोम बिघडून पेशी मरते आणि मग प्रथिने बनायची थांबतात, असा क्रम नव्हता. आधी प्रथिननिर्मिती थांबत होती आणि बाकी सारे त्यानंतर कोलमडत होते. पापेनहायमर यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत हे पडताळले आणि आपला जुना तर्क बाजूला ठेवला.

पुढचा प्रश्न होता तो प्रथिननिर्मितीची कोणती पायरी अडते हा. त्यासाठी अखंड पेशी उपयोगाची नव्हती. पेशी फोडून तिचा असा अर्क हवा होता, की ज्यात प्रथिने जुळवणारे रायबोसोम, संदेशवाहक आरएनए, अमिनो आम्ले वाहून आणणारे आरएनए आणि ऊर्जा पुरवणारे एटीपी व जीटीपी एकत्र असले, की परीक्षानळीतच प्रथिन तयार होईल. त्यात किरणोत्सारी अमिनो आम्ल घालायचे, ठरावीक वेळाने ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने प्रथिनांचा साका खाली बसवायचा आणि साक्यातील किरणोत्सार मोजायचा. साक्यात किरणोत्सार आढळला तर प्रथिन बनले, नाही आढळला तर बनले नाही. आर. जॉन कॉलियर आणि पापेनहायमर यांनी हेला पेशींचे आणि सशाच्या अपक्व तांबड्या रक्तपेशींचे असे अर्क घेतले. येथे एक गोष्ट बुचकळ्यात टाकणारी होती. कच्च्या अर्कात विष आपले काम चोख करत होते, पण अर्कातील लहान रेणू काढून टाकले, की त्याच विषाचा परिणाम होईनासा होत असे. विष तेच, रायबोसोम तेच, तरीही प्रथिने बनतच राहत. याचा अर्थ असा, की विषाला कामासाठी पेशीतीलच कोणत्या तरी लहान रेणूची मदत लागत होती. १९६४ मध्ये त्यांनी तो रेणू ओळखला : निकोटिनामाइड ॲडेनिन डायन्यूक्लिओटाइड, म्हणजे एनएडी. शुद्ध केलेल्या अर्कात थोडे एनएडी घातले, की विष पुन्हा प्रभावी होत असे.

एनएडी हा तर श्वसनाच्या साखळीत इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेणारा रेणू. प्रथिननिर्मितीशी त्याचा काहीही संबंध माहीत नव्हता. १९६७ मध्ये कॉलियर यांनी दाखवले, की रायबोसोम आणि आरएनए शाबूत राहतात, निकामी होतो तो त्या काळी 'दुसरा स्थानांतरण घटक' म्हटला जाणारा एक विद्राव्य प्रथिन घटक. आज त्याला ईएफ-२, म्हणजे शृंखला लांबवणारा दुसरा घटक म्हणतात. साखळीला एक अमिनो आम्ल जोडले गेल्यानंतर रायबोसोमला संदेशवाहक आरएनएवर तीन अक्षरे पुढे सरकवणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी तो जीटीपी खर्च करतो. हे सरकणे थांबले, की पुढचे अमिनो आम्ल ठेवायला जागाच मोकळी होत नाही. पण यात एनएडी काय करते? विष, एनएडी आणि हा घटक यांचे एकमेकांत गुंतलेले निष्क्रिय जाळे बनत असावे, अशी कल्पना काही काळ पुढे होती.

उत्तर क्योटोहून आले. ओसामू हायाइशी यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा एनएडीचे तुकडे करून त्यातील एडीपी-रायबोज हा भाग प्रथिनांना जोडणाऱ्या अभिक्रियांचा अभ्यास चालू होता. तेथील तरुण संशोधक तासुकू होंजो, ज्यांना पुढे २०१८ मध्ये वेगळ्या कामासाठी नोबेल मिळाले, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये एनएडीच्या वेगवेगळ्या भागांना किरणोत्सारी खूण करून पाहिली. खूण ॲडेनिनच्या भागात असेल, तर ती विष मिसळल्यावर प्रथिनाला कायमची चिकटत होती. खूण निकोटिनामाइडच्या भागात असेल, तर ती प्रथिनावर दिसत नव्हती, कारण निकोटिनामाइड सुटून द्रवात जात होते. म्हणजे विष हे विकर, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन होते. ते एनएडी तोडत होते, निकोटिनामाइड सोडून देत होते आणि उरलेला एडीपी-रायबोज ईएफ-२ वर चढवत होते. या क्रियेला एडीपी-रायबोसिलेशन म्हणतात. विष स्वतः खर्च होत नसल्याने एकच रेणू एकामागून एक ईएफ-२ निकामी करत जाऊ शकत होता. द्रवात निकोटिनामाइड भरपूर घालून आम्लता थोडी वाढवली, की तेच विष अभिक्रिया उलटी चालवून ईएफ-२ पुन्हा कामाला लावू शकते, हा या स्पष्टीकरणाचा सर्वांत खणखणीत पुरावा. पेशीत मात्र निकोटिनामाइड इतके साठत नाही आणि अभिक्रिया एकाच दिशेने जाते.

विकराच्या या स्वरूपातून घटसर्पाच्या विषाची तीव्रता समजते. माणसासाठी घातक मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.१ मायक्रोग्रॅम इतकी अल्प मानली जाते. १९७८ मध्ये जपानी संशोधकांनी विषाचा क्रियाशील तुकडा थेट पेशीत सोडला आणि पेशी मारायला त्याचा एकच रेणू पुरतो, असे दाखवले. 'क्रियाशील तुकडा' म्हणण्याचे कारण असे, की अखंड विष विकर म्हणून काम करत नाही. १९७० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत दिसले, की ५३५ अमिनो आम्लांची ही साखळी एका जागी चिरली जाऊन दोन भागांना बांधणारा गंधकाचा दुवा तुटला, तरच अ हा लहान तुकडा मोकळा होतो आणि कामाला लागतो. ब हा मोठा तुकडा पेशीच्या पृष्ठभागाला चिकटण्याचे आणि अ ला आत ढकलण्याचे काम करतो.

आता राहिला तो प्रश्न मला या साऱ्या कथेत सर्वांत वेधक वाटतो. पेशीत हजारो प्रथिने असताना विष ईएफ-२ लाच कसे ओळखते? १९७०च्या दशकात ईएफ-२ चा एडीपी-रायबोज चिकटलेला छोटा भाग वेगळा केला गेला, तेव्हा तेथील अमिनो आम्ल नेहमीच्या विसांपैकी कोणाशीही जुळेना. १९८० मध्ये जेम्स बोडली यांच्या गटाने त्याची रचना उलगडली. ते हिस्टिडिन होते, पण त्यावर पेशीने अनेक पायऱ्यांनी एक लांब बाजूशृंखला चढवलेली होती. या अमिनो आम्लाचे नाव घटसर्पाच्या इंग्रजी नावावरून डिप्थामाइड पडले, म्हणजे पेशीच्या स्वतःच्या घटकाला त्याच्या शत्रूचे नाव मिळाले. माणसाच्या पेशीत ते फक्त ईएफ-२ मध्ये आढळते आणि तेही एकाच जागी. ईएफ-२ चे हे टोक रायबोसोममध्ये नेमके तेथे शिरते, जेथे आरएनएची अक्षरे वाचली जातात, म्हणून तेथे एडीपी-रायबोजसारखा बोजड गट बसल्यावर सरकण्याची क्रिया बिघडते. डिप्थामाइड बनवणारी जनुके बंद पडलेल्या पेशी जगतात आणि विषाला दाद देत नाहीत. पण त्यांच्यात अक्षरे वाचताना तीन-तीन अक्षरांची चौकट घसरण्याच्या चुका वाढतात, असे आढळले आहे, आणि पेशी हा धोका अंगावर ठेवून डिप्थामाइड का जपते, हे त्यावरून उमगते. जिवाणूंच्या समकक्ष घटकात डिप्थामाइड नसते, त्यामुळे विष बनवणारा जिवाणू स्वतः सुरक्षित राहतो.

उंदीर या विषाने सहजी मरत नाही, यावरून काहींना त्याचा ईएफ-२ वेगळा असावा असे वाटू शकेल. परंतु उंदराच्या पेशींचा अर्क काढला, तर त्यातील ईएफ-२ माणसाइतकाच विषाला बळी पडतो. फरक असतो तो दारात : ब तुकडा ज्या पृष्ठप्रथिनाला धरतो, त्याच्या उंदराच्या रूपाशी त्याची पकड बसत नाही.

याच ज्ञानातून विषाचे सीआरएम१९७ हे निरुपद्रवी रूप हाती आले. त्यात ५२व्या स्थानावरील ग्लायसिनच्या जागी ग्लूटामिक आम्ल आहे, एवढ्या एका बदलाने एनएडीशी जुळणारी खाच निकामी झाली आहे आणि बाकीचे प्रथिन जवळजवळ तसेच आहे. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूवरील शर्करा लहान मुलांच्या प्रतिकारशक्तीला ओळखू याव्यात, म्हणून लशीत त्या एका वाहक प्रथिनावर बसवतात, आणि ते प्रथिन म्हणून आज हेच वापरले जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या न्यूमोसिल लसीतही वाहक प्रथिन हेच आहे.

रुग्णशय्येजवळ या रसायनाचा अर्थ वेळेच्या भाषेत उतरतो. प्रतिविष रक्तातील आणि पेशींबाहेरील विषाला धरून ठेवते, पण अ तुकडा एकदा पेशीत शिरला, की प्रतिविषातील प्रतिपिंड त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच घशातील पापुद्रा दिसताच, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता, प्रतिविष देण्याचा नियम आहे. घसा बरा होत असताना, पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्या आठवड्यात हृदयाचे ठोके अनियमित होऊ लागतात, तेव्हा ते नुकसान आधीच आत शिरलेल्या विषाने सुरू केलेले असते.