फोनमधला इमोजी टी-शर्टवर छापता येतो का? प्रश्नामागचा इतिहास

इमोजी फोनमध्ये फुकट मिळतात, मग ते बॅनरवर किंवा मगवर छापले तर बिघडले कुठे? म्हापशापासून मडगावपर्यंतच्या छपाईच्या दुकानांत हा प्रश्न हमखास निघतो. घोळाचे मूळ इमोजींच्या जन्मातच आहे.

1999 मध्ये जपानच्या डोकोमो कंपनीने आपल्या मोबाइल इंटरनेट सेवेसाठी 176 चित्रे आणली. प्रत्येक चित्र आडवे-उभे 12 ठिपके, एवढेच. इतर जपानी कंपन्यांनीही आपापली चित्रे आणि आपापले संकेत वापरले, त्यामुळे एका नेटवर्कवरचा हसरा चेहरा दुसऱ्यावर नीट पोचायचा नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये, जगभरच्या अक्षरांचे क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोड संस्थेच्या 6.0 आवृत्तीने हा गोंधळ मिटवला. प्रत्येक इमोजीला एक क्रमांक आणि एक नाव मिळाले. आपल्या किनाऱ्याच्या जाहिरातींत हटकून दिसणाऱ्या ताडाच्या झाडाचा क्रमांक U+1F334.

पण युनिकोडने ठरवले ते एवढेच. झाड हिरवे किती, झावळ्या कुठे वळलेल्या, सावली कुठून पडते, हे प्रत्येक कंपनीने आपल्या चित्रकारांकडून काढून घेतले. म्हणून ॲपल, सॅमसंग आणि गूगल यांचे ताड एकमेकांसारखे दिसत नाहीत. युनिकोडच्या तक्त्यांतली रंगीत चित्रेही युनिकोडच्या मालकीची नाहीत आणि त्यांचे परवानेही ती संस्था देत नाही. क्रमांक सर्वांचा, चित्र काढणाऱ्याचे.

भारतीय कायद्यात असे चित्र ‘कलाकृती’ ठरते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ते कोणत्याही भौतिक रूपात उतरवण्याचा हक्क मालकाचा. त्यात कापड, चिनीमाती, फ्लेक्स सगळे आले. परदेशी कंपनीच्या चित्रालाही आंतरराष्ट्रीय करारांमुळे इथे संरक्षण आहे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम 63 खाली साधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड आहे. ग्राहकाने फाइल आणून दिली म्हणून छापणारा सुटत नाही, कारण प्रत्यक्ष प्रत तोच काढतो.

गैरसमज वाढतो तो परवान्यातल्या एका वाक्यामुळे. ॲपलच्या संगणक प्रणालीच्या परवान्यात सोबतचे फॉन्ट, ती प्रणाली चालू असताना, मजकूर दाखवण्यासाठी आणि छापण्यासाठी वापरता येतात. पत्र किंवा अहवाल छापायला हे पुरते. त्यातली चित्रे सुटी काढून विक्रीच्या मालावर मुख्य नक्षी म्हणून वापरण्याची परवानगी मात्र त्या वाक्यातून मिळत नाही. शिवाय दुकानात येतो तो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप 2017 पासून स्वतःचा चित्रसंच दाखवते, म्हणजे तिथे मालक आणखी तिसराच.

आता एक काम घेऊन पाहू. कळंगुटच्या एका दुकानाला 10 बाय 4 फुटांचा फ्लेक्स हवा आहे, त्यावर दोन फूट उंच ताड, आणि तोच ताड मगवर तीन इंचांचा. ॲपलच्या फॉन्टमधले सर्वांत मोठे चित्र 160 ठिपक्यांचे असते. ते 24 इंचांवर ताणले की इंचाला सातच ठिपके उरतात आणि झावळ्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. मगसाठी 300 डीपीआयने 900 ठिपके लागतात, तेही मिळत नाहीत. बॅनरवरचा ताड असा फाटलेला दिसला की फाइल स्क्रीनशॉटवरून आली हे बहुधा ओळखावे. हक्काची अडचण बाजूला ठेवली तरी ही फाइल कामाची नाही.

गूगलच्या नोटो संचातली चित्रे बहुतांशी अपाचे 2.0 परवान्याखाली आहेत आणि फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली, जो त्या फॉन्टने बनवलेल्या मजकुरावर कोणतेही बंधन घालत नाही. त्यातली फाइल `emoji_u1f334.svg` व्हेक्टर आहे, दोन फूट काय, वीस फुटांवरही कडा धारदार राहते. ती कोरलड्रॉमध्ये आणल्यावर रंगछटा सपाट झाल्या नाहीत ना, हे मूळ चित्राशेजारी ठेवून तपासावे आणि मगच पुढे जावे. ट्विटरने 2014 मध्ये खुला केलेला ट्वेमोजी संचही चालतो, पण त्याचा सीसी बाय 4.0 परवाना श्रेय मागतो. टी-शर्टवर ती ओळ आतल्या लेबलवर किंवा सोबतच्या कार्डावर घालता येते. फ्लेक्सच्या तळाशी बारीक अक्षरांतही चालते, फक्त वाचता यायला हवी.

हातातले चित्र कोणाचे हे कळत नसेल तर इमोजीपीडियावर त्या इमोजीची सर्व कंपन्यांची चित्रे शेजारी-शेजारी दिसतात. जुळले की मालक कळतो. ऑर्डरच्या फोल्डरमध्ये वापरलेली एसव्हीजी, ती उतरवल्याची तारीख आणि परवान्याची प्रत एकत्र ठेवावी. चित्र कुठून घेतले असे कोणी विचारलेच तर दाखवायला कागद हाताशी राहतो.