ओपनिंग रेंज ब्रेकआउट

बाजार उघडल्यानंतरच्या पहिल्या ठराविक काळात शेअरचा भाव ज्या कमाल आणि किमान पातळ्यांमध्ये फिरतो, त्या पट्ट्याला ओपनिंग रेंज म्हणतात. भाव या पट्ट्याच्या वर निघाला तर खरेदी आणि खाली निघाला तर शॉर्ट, म्हणजे आधी विकून नंतर परत घेणे, आणि सौदा त्याच दिवशी पुरा करायचा, ही इंट्राडे व्यवहाराची पद्धत म्हणजे ओपनिंग रेंज ब्रेकआउट. काही जण पहिली पाच किंवा पंधरा मिनिटे धरतात. इथे अर्ध्या तासाची रेंज आणि राष्ट्रीय शेअर बाजारातला रोखीचा विभाग एवढाच विचार केला आहे.

नियमित व्यवहार सकाळी ९:१५ ला सुरू होतात, म्हणून रेंज ९:१५ ते ९:४५ ची. ९:०० पासूनच्या प्री-ओपन सत्रात जुळलेला भाव दिवसाचा सुरुवातीचा भाव ठरतो, पण त्या सत्रातले सौदे त्या एकाच भावाला होत असल्याने रेंजसाठी त्याचा वेगळा विचार करावा लागत नाही. अर्धा तास घेण्याचे कारण असे की रात्रभर साचलेल्या ऑर्डरी, जगातल्या बाजारांचे पडसाद आणि आदल्या संध्याकाळचे निकाल यांचा पहिला लोंढा साधारण याच वेळेत ओसरतो. पाच मिनिटांच्या रेंजमध्ये हा लोंढाच मोजला जातो, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी तुटण्याची शक्यता जास्त असते.

रेंज आखताना होणारी नेहमीची चूक चार्टवरच्या वेळेची असते. बहुतेक चार्टवर कँडलला ती सुरू होण्याची वेळ दिलेली असते. पाच मिनिटांच्या चार्टवर ९:१५ पासून ९:४० पर्यंत नाव असलेल्या सहा कँडल घ्यायच्या. शेवटची ९:४५ ला बंद होते. ‘९:४५’ नावाची सातवी कँडल धरली, तर नेमका पहिला ब्रेकआउट रेंजच्या आत गिळला जातो. कमाल-किमान पातळी कँडलच्या वातीसकट, म्हणजे वरखाली निघालेल्या बारीक रेषेसकट धरायची. पहिल्याच मिनिटाला एखादी लांब वात आली की ती ‘खरी नाही’ म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. तसे करू नये. सोयीने बदललेल्या रेंजची मागच्या महिन्यांच्या आकड्यांवर चाचणी घेता येत नाही. वात फार लांब असेल तर रुंदीची पुढची कसोटी तो शेअर आपोआप बाद करते.

रुंदी मोजायची ती त्या शेअरच्या रोजच्या सवयीशी तुलना करून. त्यासाठी १४ दिवसांचा एटीआर, म्हणजे दिवसभराच्या हालचालीची सरासरी, वापरतात. रेंज एटीआरच्या पाव हिश्शापेक्षा लहान असेल तर किरकोळ सौद्यांनीही ती तुटते. साठ टक्क्यांच्या वर गेली असेल तर दिवसाची बरीचशी चाल अर्ध्या तासातच संपलेली असते. हे आकडे अनुभवाचे आहेत, प्रत्येक शेअरवर तपासून घ्यावेत. पण खोटे ब्रेकआउट टाळणाऱ्या सगळ्या गाळण्यांत ही सर्वांत मोलाची आहे, कारण ती सौद्याच्या आधीच, शांतपणे लावता येते.

उरलेल्या गाळण्या ब्रेकआउटच्या क्षणी लागतात. रेंजच्या वरच्या टोकाजवळ शॉर्ट केलेल्यांचे स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठराविक पातळीवर थांबवणाऱ्या ऑर्डरी, आणि नव्या खरेदीदारांच्या ट्रिगर ऑर्डरी एकाच जागी साचलेल्या असतात. भाव तिथे पोहोचला की त्या सगळ्या एकदम सुटतात आणि भाव क्षणभर उसळतो. मोठा विक्रेता याच मागणीत आपला माल काढतो. ऑर्डरी संपल्यावर मागे खरेदीदार नसेल तर भाव परत आत येतो आणि कँडलवर फक्त वात उरते. म्हणून पातळीला नुसता स्पर्श झाल्यावर घ्यायचे नाही, पाच मिनिटांची कँडल पातळीच्या बाहेर बंद व्हावी लागते, तीही थोडे अंतर राखून. रेंजच्या दहा टक्के अंतर पुरते. बंद होईपर्यंत थांबल्याने भाव थोडा महाग मिळतो, ही या गाळणीची किंमत आहे.

व्हॉल्यूम बघताना तुलना कशाशी करायची हे चुकते. सकाळच्या पहिल्या दोन-तीन कँडलचा व्हॉल्यूम नेहमीच मोठा असतो, त्याच्यापुढे दहा वाजताचा चांगला ब्रेकआउटही फिका दिसतो. तुलना मागच्या दहा दिवसांतल्या त्याच वेळेच्या सरासरीशी करावी, आणि निदान दीडपट व्हॉल्यूम मागावा.

एक मांडलेले उदाहरण घेऊ. शेअरचा कालचा बंद भाव १,२१० रुपये, एटीआर ३० रुपये. ९:४५ पर्यंतची कमाल पातळी १,२२०, किमान १,२०८. रेंज १२ रुपयांची, म्हणजे एटीआरच्या चाळीस टक्के. चालेल. अंतर १.२० रुपये, म्हणून कँडल १,२२१.२० च्या वर बंद व्हायला हवी. ९:५० ची कँडल १,२२२.५० पर्यंत जाते पण १,२१९ ला बंद होते, व्हॉल्यूम ३८ हजार आणि त्या वेळेची सरासरी ४५ हजार. हा सौदा नाही. १०:१० ची कँडल १,२२२.८० ला बंद होते, व्हॉल्यूम ९६ हजार, सरासरी ४८ हजार. पुढच्या कँडलमध्ये १,२२३ ला खरेदी.

स्टॉपलॉस रेंजच्या मध्यावर, १,२१४ ला. जोखीम शेअरमागे ९ रुपये. दोन लाखांच्या भांडवलावर एक टक्का, म्हणजे २,००० रुपये जोखीम धरली तर २२० शेअर बसतात. एमआयएस या इंट्राडे ऑर्डरीच्या प्रकारात मार्जिन, म्हणजे दलालाकडे ठेवायची रक्कम, कमी लागते म्हणून जास्त शेअर घेता येतील, पण संख्या जोखमीवरून ठरवावी, मार्जिनवरून नव्हे. उद्दिष्ट दिवसाच्या किमान पातळीत एटीआर मिळवून १,२३८. नऊ रुपयांच्या जोखमीवर पंधरा रुपयांची जागा. आता रेंज १,१९८ ते १,२२० असती तर काय झाले असते ते पाहा. मध्य १,२०९, जोखीम १४ रुपये आणि उद्दिष्ट फक्त १,२२८, म्हणजे पाच रुपये. चार्टवर दोन्ही ब्रेकआउट सारखेच दिसतील, पण दुसऱ्यात घेण्यासारखे काही नाही.

सौदा घेतल्यावर एखादी कँडल पुन्हा रेंजच्या आत, इथे १,२२० च्या खाली बंद झाली, तर स्टॉपलॉस लागण्याची वाट न बघता बाहेर पडावे. वर अडकलेले खरेदीदार आता विकायला येणार असतात, आणि फसलेला ब्रेकआउट म्हणूनच बरेचदा उलट्या बाजूला वेगाने जातो. मात्र पातळीपर्यंत येऊन तिच्यावरच बंद होणारी कँडल वाईट नाही, तो नेहमीचा रिटेस्ट असतो. एका दिशेने दिवसात एकच सौदा घ्यावा. दुपारी एकनंतरचा ब्रेकआउट सोडलेला बरा, कारण दलाल साधारण सव्वातीननंतर इंट्राडे सौदे आपोआप कापू लागतात आणि चालीला वेळ उरत नाही.

रिझर्व्ह बँकेचे पतधोरण सकाळी १० ला जाहीर होते. त्या दिवशी बँकांच्या शेअरमध्ये ९:४५ पर्यंत बाजार नुसता थांबलेला असतो, रेंज अरुंद दिसते, आणि घोषणेनंतर ती काही मिनिटांत दोन्ही बाजूंनी तुटू शकते. अर्थसंकल्पाच्या दिवशी ११ ला सुरू होणाऱ्या भाषणाचेही तेच. अशा दिवशी पहिल्या अर्ध्या तासाची रेंज रद्द धरावी.