सुईपासून समाधानापर्यंत: पंधरा गुणांच्या उत्तरात तुलना कशी उतरते

‘माध्यमांच्या परिणामांविषयीच्या सिद्धांतांची तुलना करा: हायपोडर्मिक नीडल मॉडेल ते युजेस अँड ग्रॅटिफिकेशन्स.’ पत्रकारिता आणि जनसंज्ञापनाच्या परीक्षेत हा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात पेपरच्या आदल्या दिवशी फिरणाऱ्या नोट्समध्ये त्याचं उत्तर साधारण एकाच साच्याचं असतं. आधी सुईचा सिद्धांत, म्हणजे माध्यम बलवान आणि माणूस दुबळा. मग द्विस्तरीय प्रवाह, माध्यम थोडं कमजोर. शेवटी उपयोग आणि समाधान, माणूस बलवान. तीन परिच्छेद, तीन व्याख्या, तीन नावं. हे वर्णन झालं, तुलना झाली नाही, आणि गुण अडकतात ते इथेच.

तुलनेसाठी चारही पानांवर एकच प्रश्न हातात धरून ठेवावा लागतो. तो असा: या अभ्यासकांनी ‘परिणाम’ म्हणून नेमकं मोजलं काय? कोणी भीती मोजली, कोणी मत बदललं का ते पाहिलं, कोणी वाचकाला वर्तमानपत्र कशासाठी हवं ते विचारलं. मोजलेली गोष्टच वेगळी, म्हणून निष्कर्ष वेगळे. हा धागा सुटला नाही की उत्तर आपोआप तुलनेचं होतं.

सुईपासून सुरुवात करताना एक चूक टाळायला हवी. ‘हा सिद्धांत लासवेलने १९२७ मध्ये मांडला’ असं सर्रास लिहिलं जातं. हॅरॉल्ड लासवेल यांनी त्या वर्षी पहिल्या महायुद्धातल्या प्रचारतंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि प्रचाराच्या ताकदीबद्दल ठामपणे लिहिलं, हे खरं. पण संदेश सुईसारखा टोचला की प्रत्येकावर सारखाच परिणाम होतो, असा चाचणी करून पाहिलेला सिद्धांत त्या काळात कोणी रीतसर मांडला नव्हता. जुन्या समजुतींना हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी दिलं, आणि आपलं म्हणणं किती वेगळं आहे हे दाखवायला त्यांना ते सोयीचंही पडलं. उत्तरात ‘सुईचं प्रारूप हे नंतर दिलेलं नाव आहे, पडताळलेला सिद्धांत नव्हे’ असं एक वाक्य असलं, की लिहिणाऱ्याने विषय समजून घेतलाय हे तपासणाऱ्याला कळतं.

सुईचा पुरावा म्हणून हमखास दिलं जातं ते ३० ऑक्टोबर १९३८ चं अमेरिकेतलं रेडिओनाट्य. मंगळावरून हल्ला झाल्याच्या बातम्यांच्या रूपात ऑर्सन वेल्स यांनी ते सादर केलं आणि ‘सगळा देश घाबरला’ असं आपण लिहितो. हॅडली कँट्रिल यांनी त्याचा अभ्यास केला, तो १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंदाजाने सुमारे ६० लाख लोकांनी ते नाटक ऐकलं आणि किमान १० लाख घाबरले किंवा अस्वस्थ झाले. म्हणजे सहा श्रोत्यांमागे एखादा. हाच आकडा सुईच्या विरोधात जातो, कारण एकाच वेळी, एकाच आवाजात तोच संदेश ऐकूनही बहुतेक लोक घाबरले नाहीत. कँट्रिल यांचा खरा रस या फरकात होता. काहींनी वर्तमानपत्रातली कार्यक्रमांची यादी पाहिली, काहींनी दुसरं स्टेशन लावून खात्री केली. ज्यांनी कार्यक्रम मध्येच लावला, ते फसण्याची शक्यता जास्त होती. शिक्षण, शंका घेण्याची सवय, आयुष्यातली असुरक्षितता यांनुसार प्रतिसाद बदलला. अभ्यासाची मर्यादाही लिहा: सविस्तर मुलाखती १३५ जणांच्याच होत्या आणि त्यांतले बहुतेक घाबरलेले म्हणून मुद्दाम निवडलेले होते. त्यामुळे लोक का घाबरले हे त्यातून समजतं. देशात किती टक्के लोक घाबरले ते या मुलाखतींतून काढता येत नाही.

पुढचा टप्पा उत्तराचा कणा आहे, इथे जास्त जागा द्या. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्ट आणि विल्की समोरासमोर होते. पॉल लाझर्सफेल्ड, बर्नार्ड बेरेल्सन आणि हेझल गॉडेट यांनी ओहायोतल्या ईरी काउंटीमध्ये ६०० मतदारांचा एक गट निवडला आणि मे ते नोव्हेंबर त्याच माणसांना पुन्हा पुन्हा भेटून विचारलं. नवेपणा या पद्धतीत होता. दर वेळी वेगळी माणसं घेतली तर एकूण कल कळतो, पण कोणाचं मत हललं ते कळत नाही. तीच माणसं धरली की ते दिसतं. १९४४ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकातले आकडे असे: ५३ टक्के लोकांचं आधीचंच मत पक्कं झालं, १४ टक्क्यांचा सुप्त कल जागा झाला, आणि एका पक्षाकडून पूर्णपणे दुसऱ्या पक्षाकडे गेले ते अवघे ८ टक्के. १६ टक्क्यांवर काहीच परिणाम दिसला नाही.

इथे घसरण होते ती ‘म्हणून माध्यमांचा परिणाम होत नाही’ या वाक्याने. आकडे पुन्हा वाचा. मत पक्कं होणं हाही परिणामच आहे, आणि तो निम्म्याहून अधिक लोकांवर झाला. कमी आहे ते मतांतर. ‘मर्यादित परिणाम’ या शब्दांत मर्यादा आहे, शून्य नाही, आणि ‘परिणाम म्हणजे मतांतर’ अशी व्याख्या धरली म्हणून ती मर्यादा एवढी ठळक दिसते. हे एवढं स्पष्ट लिहिलं की सुई आणि ईरी काउंटी यांची तुलना पूर्ण होते.

द्विस्तरीय प्रवाहाबद्दलही एक बारकावा आहे. माध्यमातून मतनेत्यांकडे, म्हणजे ज्यांच्या शब्दाला आसपासचे लोक मान देतात त्यांच्याकडे, आणि मतनेत्यांकडून इतरांकडे, ही कल्पना या अभ्यासातून निघाली. पण अभ्यासाची आखणी ती तपासायला केलेली नव्हती. आपण आपसातल्या बोलण्याला महत्त्व देतो असं लोकांच्या उत्तरांत दिसलं, म्हणून ती सुचली. ती तपासायला पुढे इलिनॉयमधल्या डीकेटर शहरात सुमारे ८०० स्त्रियांचा अभ्यास झाला. खरेदी, फॅशन, सिनेमा यांबाबत त्या कोणाचं ऐकतात हे पाहिलं गेलं, आणि एलिहू कॅट्झ व लाझर्सफेल्ड यांनी तो १९५५ मध्ये प्रसिद्ध केला.

मग येतं उपयोग आणि समाधान. याला शिडीची तिसरी पायरी समजू नका, कारण इथे प्रश्नच उलटा होतो. माध्यमं लोकांचं काय करतात हे बाजूला ठेवून लोक माध्यमांचं काय करतात, हे विचारा, असं कॅट्झ यांनी १९५९ मध्ये सुचवलं. पण अशी कामं आधीपासून होत होती, त्यामुळे ‘सुई संपली आणि मग हे आलं’ हा क्रमही फसवा आहे. हेर्टा हर्झोग यांनी दुपारच्या रेडिओमालिका ऐकणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे ईरी काउंटीचं पुस्तक आलं त्याच वर्षी.

मला उत्तरासाठी सगळ्यांत उपयोगी वाटतो तो बेरेल्सन यांचा अभ्यास. १९४५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये अंक पोचवणाऱ्यांचा संप झाला आणि सुमारे अडीच आठवडे बहुतेक घरांत वर्तमानपत्र आलं नाही. बेरेल्सन यांनी लोकांना विचारलं, तुम्हाला कशाची उणीव वाटली? जवळजवळ सगळे म्हणाले, जगात काय चाललंय ते कळत नाही. पण नेमकी कोणती बातमी चुकली असं विचारल्यावर बऱ्याच जणांना सांगता येईना. मग हळूहळू बाहेर आलं: रेडिओच्या कार्यक्रमांच्या वेळा, शेअरचे भाव, दुकानांच्या जाहिराती, निधनवार्ता, चारचौघांत बोलायला विषय, आणि काहींना तर नुसतं वाचण्याचीच सवय.

पुण्यातल्या विद्यार्थ्याला याला जोड शोधायला लांब जावं लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत, एप्रिलमध्ये, मुंबई-पुण्यात घरोघरी अंक टाकण्यावर निर्बंध आले. त्याआधीच ‘पेपरच्या कागदावरून विषाणू घरात येतो’ असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत होते आणि अनेकांनी पेपरवाल्याला नको म्हणून सांगितलं होतं. हाच प्रसंग तीन चौकटींतून लिहा. सुईच्या चौकटीत मेसेज आला आणि अंक बंद झाला. मग त्याच जिन्यात तोच मेसेज वाचून एका घरी अंक बंद आणि दुसऱ्या घरी चालू का, याला तिच्यात उत्तर नाही. द्विस्तरीय चौकटीत आपण सोसायटीच्या ग्रुपवर कोणाच्या शब्दाला वजन होतं ते बघतो: तिथले डॉक्टर, सेक्रेटरी, की वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका. उपयोग-समाधानाच्या चौकटीत प्रश्न असतो की अंक बंद झाल्यावर कोणी ई-पेपरची पीडीएफ मागत राहिलं आणि कोणाचं टीव्हीवर भागलं. निधनवार्तांचं पान चाळणाऱ्याची गरज आणि शब्दकोडं सोडवणाऱ्याची गरज वेगळी, म्हणून पर्यायही वेगळा. हे उदाहरण म्हणूनच लिहा, ‘यावरून सिद्ध होते’ असं लिहू नका. कोणी मोजणी केलेली नाही.

बेरेल्सन यांचा अभ्यास पुढच्या मुद्द्यालाही कामी येतो. कॅट्झ, जे ब्लुमलर आणि मायकेल गुरेविच यांनी १९७४ मध्ये या दृष्टिकोनाची गृहीतकं एकत्र मांडली. प्रेक्षक सक्रिय असतो, माध्यमांना इतर पर्यायांशी स्पर्धा करावी लागते, आणि आपल्या गरजा सांगता येण्याइतकी जाण माणसाला असते, ही त्यांतली मुख्य. शेवटचं गृहीतक नाजूक आहे. संपातल्या वाचकांनी आधी सांगितलं जगाच्या बातम्यांचं, आणि खोलात गेल्यावर निघाल्या निधनवार्ता. लोक आधी शोभेल ते उत्तर देतात. शिवाय माणूस अमुक पाहतो म्हणून त्याची तशी गरज असणार, आणि तशी गरज आहे म्हणून तो ते पाहतो, असा तर्क स्वतःभोवतीच फिरतो. आणि निवड कितीही सक्रिय असली तरी ती समोर असलेल्यांतूनच होते. घरात एकच टीव्ही असेल आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात असेल, तर कोणाचं समाधान मोजायचं?

‘बलवान, मग दुबळी, मग प्रेक्षक राजा’ ही सरळ रेघ मोडायला चार ओळी अजेंडा सेटिंगला, म्हणजे कोणते मुद्दे महत्त्वाचे वाटावेत हे माध्यमं ठरवतात या कल्पनेला, द्या. मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल या गावी मत न ठरलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे मुद्दे विचारले आणि ते माध्यमांतल्या मुद्द्यांच्या क्रमाशी ताडून पाहिले. दोन्ही क्रम खूप जुळले. १९७२ मध्ये हे प्रसिद्ध झालं, म्हणजे उपयोग-समाधानाची गृहीतकं मांडली जात होती त्याच सुमारास. मतांतर मोजलं तेव्हा परिणाम छोटा दिसला होता, मुद्द्यांचं महत्त्व मोजलं तेव्हा तो मोठा दिसला.

आता वेळेचं गणित. पंधरा गुणांना पंचवीस ते तीस मिनिटं धरली, तर पहिली तीन मिनिटं कच्च्या आराखड्याला द्या. चार रकाने आखा: माणूस कसा मानला, संदेश आणि माणूस यांच्यामध्ये काय आलं, परिणाम म्हणून काय मोजलं, पुरावा कसा जमवला. आडव्या ओळींत सिद्धांत लिहा. मग उत्तर रकान्यांच्या क्रमाने लिहा, ओळींच्या नव्हे. म्हणजे प्रत्येक परिच्छेदात सगळे सिद्धांत शेजारी शेजारी येतील. नोट्समध्ये मजकूर ओळींनी पाठ केलेला असतो, म्हणून हात आपोआप ओळीकडे वळतो. तसं झालंय का, हे ओळखायची खूण सोपी: पहिल्या पानावर ‘समाधान’ हा शब्द आणि शेवटच्या पानावर ‘सुई’ हा शब्द आला आहे का ते बघा. आला नसेल तर शेवटच्या पाच मिनिटांत तक्ता तरी काढा, आणि त्यातला ‘काय मोजलं’ हा रकाना आधी भरा.