संक्रांतीला कोणता रंग?

सहावीतल्या माझ्या भाचीच्या वर्गाला भिंतीवर लावायला सणांचा तक्ता करायचा होता. सूचना सोपी होती: दरवर्षी एकाच तारखेला येणारे सण लाल रंगात, तारीख बदलणारे हिरव्या रंगात. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन, नाताळ लाल झाले. गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दिवाळी, ईद हिरवे झाले. मग गाडी संक्रांतीवर अडली. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या मते ती १४ जानेवारीलाच असते, म्हणजे लाल. उरलेल्यांनी जुनी दिनदर्शिका काढून दाखवली, २०२४ साली ती १५ला होती. "मामा, मग हिला कोणता रंग देऊ?"

मी तिला म्हटलं, रंग आत्ता ठरवूच नकोस. आधी ठिपके मांडू.

तक्ता आम्ही असा आखला. आडवी दिशा म्हणजे वर्षाचे दिवस, १ जानेवारी डावीकडे आणि ३१ डिसेंबर उजवीकडे. एका दिवसाला दोन मिलिमीटर दिले तर वर्षाला ७३ सेंटिमीटर लागतात, म्हणून दोन कार्डशीट जोडले. उभ्या दिशेला वर्षं, २०१५ सर्वांत वर आणि २०२६ सर्वांत खाली, प्रत्येक वर्षाला एक ओळ. मग एकेका सणाची त्या त्या वर्षीची तारीख शोधून पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि एका सणाचे सगळे ठिपके वरून खाली रेषेने जोडायचे. लीप वर्षात फेब्रुवारीनंतर सगळंच एका दिवसाने सरकतं, म्हणून २९ फेब्रुवारीची जागा दरवर्षी रिकामी ठेवली. ती ठेवली नाही तर स्वातंत्र्य दिनाची रेषासुद्धा वाकडी येते आणि मुलं तासभर चूक शोधत बसतात. आम्ही बसलो होतो.

बारा ओळी भरल्यावर रंगाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटला, कारण प्रत्येक रेषेचा आकार वेगळा निघाला. २६ जानेवारीची रेषा ओळंब्यासारखी सरळ. ईद-उल-फित्रची रेषा तिरपी: २०१५ साली १८ जुलै, २०२० साली २५ मे, २०२५ साली ३१ मार्च. दरवर्षी दहा-अकरा दिवस डावीकडे, मागे वळून बघणं नाही. गणपतीची रेषा मात्र करवतीच्या दात्यांसारखी. २०२३ साली १९ सप्टेंबर, २०२४ साली ७ सप्टेंबर, २०२५ साली २७ ऑगस्ट, आणि २०२६ साली एकदम १४ सप्टेंबर. दोन पावलं डावीकडे, मग एक मोठी उडी उजवीकडे. ईद आणि गणपती या दोघांना एकच हिरवा रंग देणं म्हणजे वाहती नदी आणि पाळणा या दोघांना 'हलणारी वस्तू' म्हणून मोकळं होणं.

दोन्ही रेषा डावीकडे सरकतात याचं कारण एकच आहे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणजे चांद्रवर्ष जवळजवळ अकरा दिवस आधीच संपतं. इस्लामी कालगणना हा फरक तसाच राहू देते, म्हणून ईद साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. आपलं पंचांग तो फरक साठवतं आणि एक महिनाभर साठला की अधिक महिना घालून फेडतं. करवतीतली मोठी उडी म्हणजे हा अधिक मास.

पण तो नेमका कधी घालायचा, हे कोणी ठरवतं का? मला या गोष्टीचं लहानपणापासून कौतुक आहे, कारण इथे कोणाला काही ठरवावंच लागत नाही. सूर्य वर्षभरात बारा राशींतून जातो. एका राशीतून दुसरीत जाण्याचा क्षण म्हणजे संक्रांत. मकर संक्रांत आपल्याला माहीत असते, पण अशा वर्षात बारा संक्रांती होतात. चांद्रमहिन्याचं नाव त्या महिन्यात कोणती संक्रांत पडली यावरून ठरतं. सूर्य मेषेत गेला तो चैत्र, वृषभेत गेला तो वैशाख, मिथुनेत गेला तो ज्येष्ठ. आता सूर्य एका राशीत सरासरी साडेतीस दिवस राहतो आणि चांद्रमहिना साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे कधीतरी असं होणारच, की अख्खा चांद्रमहिना दोन संक्रांतींच्या मधल्या फटीत बसेल आणि त्याच्या वाट्याला एकही संक्रांत येणार नाही. त्याला नाव कसं मिळणार? तो पुढच्या महिन्याचं नाव उसनं घेतो आणि 'अधिक' म्हणवतो.

२०२६चं उदाहरण घेऊ, कारण ते अगदी काठावरचं आहे. सूर्य वृषभेत गेला १५ मेच्या सकाळी. त्यानंतर अमावास्या संपली १६ आणि १७ मेच्या मधल्या रात्री, दीडच्या सुमारास. तिथून नवा चांद्रमहिना सुरू. तो संपला १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत. आणि सूर्य मिथुनेत गेला त्याच दिवशी दुपारी एकच्या सुमारास. साडेचार तासांनी हुकली! संक्रांत तेवढी आधी झाली असती तर त्या महिन्याला आपलं हक्काचं ज्येष्ठ हे नाव मिळालं असतं. ती हुकली, म्हणून तो अधिक ज्येष्ठ झाला, संक्रांत असलेला पुढचा महिना निज ज्येष्ठ ठरला, आणि गणपती २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरवर गेले.

एका मुलीला तक्त्यात एक गोष्ट खटकली. तिने विचारलं, गणपतीची उडी २०२६च्या ओळीत आहे, मग पाडव्याची का नाही? बरोबर होतं तिचं. पाडवा २०२५ साली ३० मार्चला होता आणि २०२६ साली तो मागेच सरकला, १९ मार्चला. कारण तो अधिक महिना यायच्या आधीच होऊन गेला होता. त्याची उडी पुढच्या ओळीत, २०२७ साली ७ एप्रिलला. एकच अधिक मास, पण त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सणांना तो वेगवेगळ्या ओळीत जाणवतो. हे मला तक्ता न आखता सुचलं असतं असं वाटत नाही.

आणखी एक बारकावा, कंटाळा आला असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि संथ चालते. म्हणून आपल्याला दिसणारा सूर्य मिथुन राशीत साडेएकतीस दिवसांच्या आसपास रेंगाळतो. जानेवारीच्या आसपास पृथ्वी जवळ आणि वेगात असते, तेव्हा तो एक रास साडेएकोणतीस दिवसांतच ओलांडतो. फट रुंद असते ती उन्हाळ्या-पावसाळ्यात, म्हणून अधिक महिने बहुतेक चैत्र ते आश्विन याच टप्प्यात येतात.

अधिक श्रावण आला तेव्हा, २०२३ साली, 'तब्बल १९ वर्षांनी दुर्मीळ योग' असे मथळे फिरत होते. १९ वर्षांत चांद्रमहिने येतात २३५, म्हणजे ६९३९.७ दिवस. १९ सौरवर्षांचे दिवस होतात ६९३९.६. फरक दोन-अडीच तासांचा. ग्रीसमधल्या मेटनच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं, इसवी सनापूर्वी ४३२ सालापासून. २२८ साधे महिने आणि ७ अधिक, अशी ती बेरीज आहे. तेव्हा २००४ साली अधिक श्रावण असेल तर २०२३ साली तो येणं यात दुर्मीळ काही नाही, पाढा म्हटल्यासारखं आहे.

आता संक्रांत. तिचे ठिपके बघितले तर दोन १५ जानेवारीवर, दोन १४वर, पुन्हा दोन १५वर, दोन १४वर. २०२३ आणि २०२४ साली १५, २०२५ आणि २०२६ साली १४. सूर्य मकरेत जाण्याचा क्षण दरवर्षी साधारण सहा तासांनी पुढे जातो आणि लीप दिवस आला की एक दिवस मागे ओढला जातो. २०२४ साली हा क्षण १५ जानेवारीच्या पहाटे तीनच्या सुमारास होता, २०२५ साली १४च्या सकाळी नऊच्या सुमारास, २०२६ साली दुपारी तीनच्या सुमारास. क्षण सूर्यास्तानंतर आला की सण दुसऱ्या दिवशी. चंद्राचा इथे संबंधच नाही, त्यामुळे संक्रांत लालच्या जवळची.

तरी ती पूर्ण लाल नाही. आपली मकर रास ताऱ्यांशी बांधलेली आहे आणि इंग्रजी दिनदर्शिका ऋतूंशी. ताऱ्यांच्या संदर्भातलं वर्ष सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे. वीस-वीस मिनिटं साठून ७२ वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. तेव्हापासून संक्रांत दोन दिवस पुढे आली, त्यांची जयंती १२लाच राहिली. उत्तरायणही याच कारणाने संक्रांतीपासून सुटलं आहे, दिवस मोठा व्हायला लागतो तो २१-२२ डिसेंबरनंतरच. बाकी 'यंदा संक्रांतीने अमुक रंगाचं वस्त्र नेसलंय, तो रंग घालू नका' असे निरोप दर जानेवारीत येतातच. आमच्या तक्त्यावर मुलांनी तो रंग मुद्दाम वापरला.

शेवटी रंग चार झाले. सरळ रेषेला लाल, करवतीला हिरवा, तिरपीला निळा, आणि जवळजवळ सरळ असलेल्यांना नारिंगी. नारिंगीत संक्रांतीला सोबत मिळाली पारशी नववर्षाची. त्यांच्याकडे बहुतेक जण पाळतात त्या शहेनशाही पंचांगात लीप दिवस नाही, म्हणून रेषा चार वर्षं सरळ आणि मग एक पायरी डावीकडे: २०२० ते २०२३ साली १६ ऑगस्ट, २०२४पासून १५. रंग धर्मावरून ठरत नाहीत हेही मुलांच्या लगेच लक्षात आलं. नाताळ लाल, पण गुड फ्रायडे गणपतीसारखा करवतीचा.

एक-दोन ठिपक्यांवरून वाद झालेच. २०२४चं लक्ष्मीपूजन काही ठिकाणी ३१ ऑक्टोबरला झालं, महाराष्ट्रात १ नोव्हेंबरला, कारण अमावास्या दोन्ही दिवशी होती. ईदची तारीख चंद्र दिसण्यावर, तीही गावागणिक एक दिवस पुढेमागे. म्हणून ठिपका दोन दिवसांएवढा जाड द्यायचा असं ठरलं.

मग २०२५ आणि २०२६च्या ओळी वहीने झाकून मुलांना १९ वर्षांपूर्वीच्या तारखा दिल्या आणि गणपतीचे ठिपके ओळखायला सांगितले. २००६ साली २७ ऑगस्ट होता, वही उचलली तर २०२५लाही तोच. २००७ साली १५ सप्टेंबर होता, २०२६चा ठिपका १४वर. एका दिवसाने चुकला, म्हणजे जाड ठिपक्याच्या आतच.