बायोप्सीच्या किंवा तीळ काढलेल्या जागेची निगा

तपासणीसाठी त्वचेचा तुकडा काढल्यावर (बायोप्सी) किंवा तीळ, मस काढून टाकल्यावर जी छोटी जखम राहते, ती भरून येईपर्यंत घरी घ्यायची काळजी. जखम लहान असली तरी ती कशी केली आहे त्यावर निगा ठरते. ब्लेडने वरवर तासून तीळ काढला असेल तर टाके नसतात आणि खरचटल्यासारखा उघडा खळगा राहतो. तो तळातून आणि कडांकडून भरत येतो. त्याला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. पंच बायोप्सीत ३-४ मिलिमीटरचा गोल तुकडा पूर्ण जाडीने निघतो, तिथे एखाददुसरा टाका पडतो. मोठा तीळ लांबट छेद देऊन काढतात आणि टाक्यांनी कडा जुळवतात.

पहिल्या दिवशी प्रश्न असतो रक्ताचा. भुलेच्या इंजेक्शनमध्ये बहुधा रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अॅड्रिनलिन मिसळलेले असते. त्याचा अंमल काही तासांत उतरतो आणि दवाखान्यात कोरडी दिसलेली जखम घरी आल्यावर पाझरू लागते. अशा वेळी स्वच्छ कापडाची घडी ठेवून घड्याळ लावून १५ मिनिटे सलग दाबून धरावे. थांबले का ते पाहायला दर मिनिटाला घडी उचलली की नुकती धरलेली गुठळी सुटते. बहुतेकांचे रक्त न थांबण्याचे कारण हेच. दोन वेळा असे दाबूनही वाहत राहिले, किंवा टाक्यांखाली टणक, ताणलेला, दुखरा फुगवटा झपाट्याने वाढला, तर आत रक्त साठते आहे असे समजून त्याच दिवशी दाखवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. जखमेच्या रक्तापेक्षा हृदयातली किंवा मेंदूतली गुठळी कितीतरी घातक असते.

पहिली पट्टी साधारण २४ तास कोरडी ठेवायची. त्यानंतर मात्र रोज साध्या साबणाने आणि वाहत्या पाण्याने जागा धुवायची, टिपून घ्यायची, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा आणि वर न चिकटणारी पट्टी लावायची. टाक्यांबद्दल डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर ते पाळावे. रोज धुण्याचा आणि झाकून ठेवण्याचा हा सल्ला अनेकांच्या गळी उतरत नाही. जखमेला पाणी लागू द्यायचे नाही, ती उघडी ठेवून खपली धरू द्यायची, ही शिकवण घरोघरी पक्की आहे. पण जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढत जावे लागते, ओल्या पृष्ठभागावरून त्या सहज सरकतात. हळद किंवा राख भरल्याने तर जखमेचा तळच दिसेनासा होतो आणि बिघडले तरी कळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डेटॉलसारखी तीव्र जंतुनाशके रोज ओतली तर नव्या पेशीही मरतात. भात, वांगे किंवा आंबट खाल्ल्याने पू होतो या समजाला आधार नाही.

स्वच्छ जखमेला अँटिबायोटिक मलमाचीही सहसा गरज नसते. १९९६ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया झालेल्या ९२२ जणांपैकी काहींना बॅसिट्रॅसिन मलम आणि काहींना साधी पेट्रोलियम जेली लावायला दिली. जंतुसंसर्ग अनुक्रमे ०.९ आणि २ टक्के लोकांना झाला. हा फरक निर्णायक ठरण्याइतका नव्हता. मलमाची अॅलर्जी मात्र फक्त बॅसिट्रॅसिनवाल्यांत दिसली.

ही अॅलर्जी नीट ओळखता यायला हवी, कारण तिलाच जंतुसंसर्ग समजून उपचार उलटे होतात. समजा पाठीवरचा तीळ तासून काढला आहे. घरातल्या डब्यातले फ्रॅमायसेटिन किंवा निओमायसिनचे मलम रोज लावले जाते. सहाव्या दिवशी जागा लाल होते, म्हणून मलम दिवसातून तीनदा लावले जाते आणि लाली आणखी पसरते. इथे तीन गोष्टी पाहाव्यात. जागा ठणकते आहे की खाजते आहे? लालीचा आकार जखमेभोवती वेडावाकडा आहे, की पट्टीच्या चौकोनाशी किंवा मलम लागलेल्या भागाशी जुळणारा? कडेला बारीक पाणीदार पुळ्या आहेत का? खाज, चौकोन आणि पुळ्या असतील तर दोष मलमाचा किंवा चिकटपट्टीचा. ते बंद करून साध्या जेलीवर आले की बहुधा काही दिवसांत उतार पडतो. न पडल्यास दाखवावे.

खरा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा चौथ्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास डोके वर काढतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत कडेची थोडी सूज, हुळहुळ आणि काही मिलिमीटरची लाली अपेक्षितच असते. तासलेल्या जखमेच्या तळावर पिवळसर ओला पापुद्रा दिसतो, तो पू नव्हे. ते भरून येण्यातलेच फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारे प्रथिन असते. बिघाडाची खूण म्हणजे दिशा उलटणे: दुखणे कमी होत आलेले असताना पुन्हा वाढते आणि ठणका लागतो. जागा गरम लागते, दाट किंवा दुर्गंधी पू येतो. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे जांभळट काळसरपणा आणि ताणलेली चकाकी दिसते. हाताच्या पाठीने दुसऱ्या बाजूच्या त्वचेशी उष्णता ताडून पाहावी. लालीच्या किंवा काळसरपणाच्या कडेवर बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहून ठेवली की पसरते आहे का याचा वाद राहत नाही. काही तासांत रेघ ओलांडली गेली, ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप आला, किंवा जखमेपासून वर सरकणारी तांबडी रेषा उमटली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मधुमेह असलेल्यांनी आणि पायावर जखम असलेल्यांनी हे निकष आणखी कडक धरावेत.

टाके चेहऱ्यावर सुमारे ५ ते ७ दिवसांनी, धडावर आणि हातापायांवर १० ते १४ दिवसांनी काढतात. तेव्हा जखम मिटलेली दिसते, पण तिची ताकद मूळ त्वचेच्या अगदी थोड्या अंशाइतकीच असते. त्यामुळे टाके निघाल्याच्या आनंदात पाण्याची कळशी उचलली की पाठीवरचा छेद उसवतो. आत विरघळणारे टाके असतील तर काही आठवड्यांनी रेषेवर मुरुमासारखी एकच पुळी येऊन त्यातून दोऱ्याचे टोक बाहेर पडते. आजूबाजूला लाली आणि दुखणे नसेल तर तो जंतुसंसर्ग नाही.

काही बिघाड महिन्यांनंतर दिसतात. छाती, खांदे, जबडा आणि कानाची पाळी इथे केलॉइड होण्याचा धोका जास्त, आणि गडद त्वचेत तो आणखी वाढतो. नुसता जाडसर वण मूळ जखमेच्या हद्दीत राहतो, केलॉइड ती ओलांडून वाढतच जातो, खाजतो, टोचतो. तो कापून काढला तर अनेकदा आधीपेक्षा मोठा उगवतो, म्हणून प्रथम वणातच स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात.

दुसरी उशिरा येणारी गोष्ट म्हणजे तासलेल्या तिळाच्या वणात पुन्हा दिसणारा काळा-तपकिरी ठिपका. तळाशी राहिलेल्या रंगपेशी वर येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासारख्या दिसू शकतात. रंग वणाच्या आतच असेल आणि पहिल्या तुकड्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट निर्धोक असेल, तर काळजी बहुधा नसते. तरी डॉक्टरांना दाखवावे. रंग वणाबाहेर सांडला असेल तर पुन्हा बायोप्सी लागते. तो रिपोर्ट सोबत नेला नाही तर दुसरा तुकडा तपासणाऱ्याची फसगत होऊ शकते. पार्लरमध्ये जाळून काढलेल्या तिळाचा तर असा रिपोर्टच नसतो.