बीप वाजल्यावर किंमत येते कुठून?

"बारकोडच्या रेघांमध्येच किंमत भरलेली असते, स्कॅनर तीच वाचतो."

समज स्वाभाविक आहे, कारण बीप वाजताच स्क्रीनवर किंमत दिसते. पण स्कॅनरला मिळतो फक्त एक क्रमांक. त्याचा प्रकाश पांढऱ्या फटीवरून परत येतो, काळ्या रेघेत बराचसा शोषला जातो. या रेघा-फटींच्या रुंदीवरून अंक ठरतात आणि खाली छापलेला 13 अंकी क्रमांक तयार होतो. शेवटचा अंक पडताळणीचा. हिशोब जुळला नाही तर बीपच वाजत नाही. चुरगळलेल्या पाकिटाला काउंटरवाला हाताने ताणतो, ते म्हणूनच.

किंमत येते दुकानाच्या कॉम्प्युटरमधून, त्या क्रमांकापुढे दुकानदाराने भरलेली. खात्री करायचीय? एकाच साबणाची वडी पंचवटीतल्या किराणा दुकानातून आणि कॉलेज रोडच्या मॉलमधून घ्या. क्रमांक तोच, पण मॉलमध्ये सूट असेल तर बिल वेगळं. एमआरपी वाढली तरी बऱ्याचदा बारकोड तोच राहतो, म्हणून काउंटरवर "जुना माल की नवा?" असं विचारतात.

अपवाद एकच लक्षात ठेवा: दुकानातच वजन करून चिकटवलेलं लेबल. त्या बारकोडमध्ये वजन किंवा रक्कम खरंच असू शकते.